निवेदनातले मिस्टर हॉर्वाथ

त्या जूनमध्ये तपासणीच्या खोलीचं दार उघडलं की ब्रेना माटुसच्या मनात पहिला विचार यायचा, हा माणूस निवेदनात बसेल का? खोकणारी म्हातारी आली, नाही बसणार. रक्तदाबाच्या गोळ्या संपलेला ट्रक ड्रायव्हर आला, छे, अजिबात नाही. कान दुखतोय म्हणून भोकाड पसरणारं पोर आलं की ती क्षणभर आशेने पाहायची आणि मग त्याच्या कानात मळच निघायचा. आपण माणसांना असं भाजीसारखं निवडतोय याची तिला लाज वाटायची, पण सवय काही सुटत नव्हती.

मेडिकल कॉलेजच्या अर्जासोबत दीड पानाचा मजकूर जोडावा लागतो, तेच निवेदन. डॉक्टर का व्हायचंय, ते आपल्या शब्दांत लिहायचं. मार्क कितीही असोत, या दीड पानावर घोडं अडतं. गेल्या वर्षी ब्रेनाने त्यात आजोबांचं आजारपण लिहिलं होतं, त्यांचा हात हातात धरून बसल्याचं लिहिलं होतं आणि लोकांच्या उपयोगी पडायचंय असं तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलं होतं. सगळ्या कॉलेजांनी नकार दिला. एकाच कॉलेजातल्या बाईंनी फोनवर कारण सांगण्याची तसदी घेतली. बाई गोड बोलल्या. म्हणाल्या, तुला लोकांबद्दल माया आहे हे आम्हाला कळलं, पण डॉक्टर दिवसभर काय करतो हे तुला माहीत आहे का, ते काही कळलं नाही. माया तर नर्सलाही असते, शाळेच्या बाईंनाही असते. मग तू डॉक्टरच का?

त्या 'च'ने ब्रेनाची झोप उडाली. तिने लोरेन गावातल्या एका साध्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात लेखनिकाची नोकरी धरली. डॉक्टर रुग्णाला तपासतात, काय दिसलं ते मोठ्याने बोलतात आणि लेखनिक कोपऱ्यात बसून ते कॉम्प्युटरवर टाइप करते. रुग्णाला हात लावायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं आणि लिहायचं. संध्याकाळी डॉक्टर त्या नोंदी वाचतात आणि 'मी वाचलं, बरोबर आहे' असं म्हणून सही करतात.

डॉक्टर ओस्ट्रँडर साठीला आलेल्या होत्या. उंच, सडसडीत, बोलणं तुटक. लोरेनमधली अर्धी पोलाद गिरणी त्यांच्या हाताखालून गेली होती, गिरणी बंद पडल्यावर गावात उरलेली माणसंही त्यांच्याकडेच येत होती. कौतुक करायची त्यांना बहुधा ॲलर्जी असावी. ब्रेनाला वर्ष होत आलं तरी 'ठीक' याच्यापुढे त्यांची गाडी गेली नव्हती.

आणि अर्ज घेणं सुरू झालं होतं. ही कॉलेजं येतील तसे अर्ज वाचतात, येतील तशा मुलाखतींना बोलावतात. उशीर केला की मागच्या रांगेत. ब्रेनाचं बाकी सगळं भरून झालं होतं, निवेदनाची चौकट तेवढी रिकामी होती. घरी आई विचारायची. आई शाळेची बस चालवायची आणि तिचं बोलणंही बससारखंच होतं, थांब्यावर थांबल्याशिवाय पुढे जायचं नाही.

"लिहिलंस?"

"लिहितेय."

"गेल्या आठवड्यातही लिहीतच होतीस. ती कादंबरी आहे का गं?"

मग एका गुरुवारी मिस्टर हॉर्वाथ आले आणि ब्रेनाला वाटलं, सापडला.

हॉर्वाथ यंत्रांचे भाग कातण्याच्या कारखान्यात होते, निवृत्तीला अजून वेळ होता. रुंद खांदे, बोटांच्या खाचांमध्ये कायमचं काळं तेल. थकवा येतो म्हणून आले होते. बूट घट्ट होतात, असंही सहज म्हणाले. डॉक्टरांनी विचारलं, झोप कशी आहे? त्यावर ते एकदम बायकोबद्दल बोलायला लागले. इलोना हिवाळ्यात गेली. तिच्या बाजूची गादी अजून तशीच दबलेली आहे, म्हणून ते खुर्चीतच झोपतात. रविवारी अजून दोघांपुरती पाप्रिकाश, म्हणजे लाल मिरचीतली कोंबडी, शिजवतात आणि दुसरा वाटा सोमवारी डब्यात नेतात. सांगताना त्यांचा आवाज मधेच तुटला. डॉक्टर खाली वाकून त्यांचे मोजे उतरवत होत्या, तपासत होत्या, काहीतरी बोलत होत्या. कोपऱ्यात ब्रेनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्या पाण्याबरोबरच डोक्यात एक वाक्यही आलं होतं. 'त्यांच्या डब्यातला तो दुसरा वाटा मला वैद्यकशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवून गेला.' हे वाक्य निसटू नये म्हणून ती ते मनातल्या मनात घोकत राहिली.

हाताने मात्र सवयीचं काम केलं. नोंदीसाठी तयार साचा असतो. एक कळ दाबली की अख्खी तपासणी पानावर येते: छाती स्वच्छ, ठोके नियमित, पायांना सूज नाही. मग डॉक्टर जे वेगळं बोलतील तेवढं बदलायचं. ब्रेनाने कळ दाबली. बदलायचं काही तिला ऐकू आलं नव्हतं.

त्याच शनिवार-रविवारी तिने निवेदन लिहून काढलं. नाव बदललं, गाव बदललं, पाप्रिकाशच्या जागी रस्सा केला. इतकं सरसर लिहिलं गेलं की तिलाच संशय यायला हवा होता. आईने वाचलं आणि पदराने टिपावेत तसे टी-शर्टच्या बाहीने डोळे टिपले. बुधवारी ब्रेनाने ते कागद डॉक्टर ओस्ट्रँडरना दिले आणि वाचाल का म्हणून विचारलं. वाचीन, असं म्हणून डॉक्टरांनी ते स्टेथोस्कोपखाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी विमा कंपनीचा नकार आला.

डॉक्टरांनी हॉर्वाथ यांच्या हृदयाची सोनोग्राफी मागितली होती. त्यांच्या विम्यात ती करायची तर कंपनीची आधी मंजुरी लागते आणि कंपनी मंजुरी देताना डॉक्टरची नोंद वाचते. कंपनीचं म्हणणं होतं, नोंदीत हृदयाच्या तक्रारीचं एकही लक्षण नाही, सबब तपासणीची गरज दिसत नाही. डॉक्टर सँडविच खात होत्या, ते त्यांनी खाली ठेवलं.

"लक्षण नाही म्हणजे? दोन्ही घोटे सुजलेले होते. दाबलं की खळगा राहत होता. मी बोलले होते." त्यांनी नोंद उघडली आणि वाचली. "सूज नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता.

 ब्रेनाला तो क्षण लख्ख आठवला. डॉक्टर वाकलेल्या, ओठ हलताहेत, आणि आपण वाक्य घोकतोय. तो कागद तिथेच होता, स्टेथोस्कोपखाली, आणि त्याच्या पहिल्याच परिच्छेदात तिने लिहिलं होतं: 'मी जीवाचा कान करून ऐकत होते.' तो कागद उचलून पळावं असं तिला खरोखर वाटलं. डॉक्टरांनी अजून वाचला नसेल तर काही बिघडलं नाही, एवढा हिशेबही तिच्या मनाने त्या अवस्थेत करून टाकला.

"माझी चूक आहे," ती म्हणाली. "मी साचा टाकला आणि बदलला नाही. मी ऐकत नव्हते, डॉक्टर. मी मनात निवेदन लिहीत होते. त्यांच्यावरच."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"खाली कोणाची सही आहे?"

"तुमची."

"'मी वाचलं, बरोबर आहे.' मी फक्त शेवट वाचला होता. निदान काय, पुढे काय करायचं, तेवढं. मधलं नजरेखालून घातलं. तेव्हा तू तुझी चूक तुझ्याजवळ ठेव, माझी मला पुरेशी आहे. रडायचं असेल तर नंतर रड. आधी सांग, त्याला रक्त तपासायला सांगितलं होतं, तो रिपोर्ट कुठे आहे?"

ब्रेनाने शोधलं. रिपोर्ट नव्हता. हॉर्वाथ रक्त द्यायला गेलेच नव्हते. आलेले रिपोर्ट बघायचे असतात हे ब्रेनाला ठाऊक होतं. न आलेल्या रिपोर्टची आठवण कोणी ठेवायची, हा प्रश्न तिला वर्षभरात कधी पडलाच नव्हता. डॉक्टरांनी स्वतः कारखान्यात फोन लावून हॉर्वाथना पाळी सुटताच यायला सांगितलं. मग जुन्या नोंदीतलं एक अक्षरही न पुसता त्यांनी खाली आजच्या तारखेची पुरवणी जोडली: त्या दिवशी दोन्ही घोट्यांवर सूज होती, नोंद चुकीची आहे. आणि विमा कंपनीच्या डॉक्टरशी बोलण्यासाठी फोन लावला.

पलीकडून संगीत वाजायला लागलं. डॉक्टरांनी फोन स्पीकरवर टाकला आणि कॉम्प्युटरवरचे निरोप उघडले. ब्रेना बाजूला उभी होती, करण्यासारखं काही नव्हतं म्हणून बघत राहिली. एका बाईच्या रक्तात पोटॅशियम वाढलं होतं, डॉक्टरांनी तिची एक गोळी थांबवली, परत रक्त द्यायला सांगितलं आणि दिलं की नाही हे बघायची आठवण स्वतःसाठी लिहून ठेवली. एकाला प्रतिजैविक हवं होतं. त्याला तीन ओळींत समजावलं की सर्दीला ते लागत नाही, मग ते वाचून त्या म्हणाल्या, हा चिडणार, आणि चौथी ओळ जरा मऊ लिहिली. एका म्हाताऱ्याच्या मुलीला विचारायचं होतं की बाबांनी गाडी चालवणं थांबवावं का. तिथे त्यांचा हात बराच वेळ थांबला. संगीत वाजतच होतं. यातलं काहीच निवेदनात बसण्यासारखं नव्हतं. हे आपण रोज बघतोय आणि रोज ओलांडून पुढे बघतोय, हे ब्रेनाला तेव्हा जाणवलं आणि ती मनातून फार खजील झाली.

शेवटी कंपनीचे डॉक्टर लाइनवर आले. सभ्य माणूस होता, पण शंका घेणं हाच त्याचा धंदा. म्हणाला, आम्ही नकार दिल्यावर तुमच्या नोंदीत सूज आली, असं मला दिसतंय.

"तुमच्या जागी मीही हेच म्हटलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. "नोंद चुकीची होती आणि मी ती न वाचता सही केली. तो माणूस संध्याकाळी येतोय. मी परत तपासते, ताजी नोंद पाठवते. ती वाचून ठरवा." तो म्हणाला, पाठवा.

हॉर्वाथ आले ते जिना चढून आल्यासारखे धापा टाकत, आणि दवाखाना तर तळमजल्यावर. सूज आता नडगीपर्यंत चढली होती, वजन वाढलं होतं, फुप्फुसांच्या तळाशी बारीक चरचर होती. खुर्चीत का झोपता, असं डॉक्टरांनी या वेळी सरळ विचारलं. गादीमुळेच, असं म्हणून ते थांबले आणि मग म्हणाले, आडवं झालं की दमही लागतो. डॉक्टर एकेक गोष्ट मोठ्याने सांगत होत्या आणि ब्रेना रिकाम्या पानावर एकेक शब्द लिहीत होती. कळ तिने दाबली नाही.

मग डॉक्टर स्टुलावर, त्यांच्यासमोर बसल्या.

"मिस्टर हॉर्वाथ, गेल्या वेळी तुमच्या पायांना सूज होती. नोंदीत लिहिलं गेलं की नाही. त्यामुळे तुमची तपासणी अडली आणि आठवडा वाया गेला. सही माझी आहे. मला वाईट वाटतंय."

हॉर्वाथनी आपल्या पायांकडे पाहिलं, जणू त्यांनाच विचारत होते. "म्हणजे पाय सुजले आणि कागद म्हणाला नाही?"

"हो."

"कारखान्यात असं माप लिहिलं असतं तर मला घरी पाठवलं असतं."

"पाठवायलाच हवं," डॉक्टर म्हणाल्या.

ब्रेनाला गप्प राहता आलं असतं. लेखनिकाने बोलायचं नसतंच. "मी टाइप केलं होतं," ती म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं. मला माफ करा."

हॉर्वाथ तिच्याकडे वळले. तिला वाटलं आता फटका बसेल, आणि तो बसलाच, फक्त वेगळ्या बाजूने.

"तुझं? नाही गं पोरी. तुझंच तर लक्ष होतं. मी इलोनाचं बोलत होतो तेव्हा तुझे डोळे भरून आलेले मी पाहिले. घरी जाऊन पोराला फोनवर सांगितलं मी, तिथे एक मुलगी आहे, ती ऐकते."

ब्रेनाने मान खाली घातली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर तिने त्या कुठेतरी ठेवून दिल्या असत्या. हे कुठे ठेवायचं, ते तिला कळेना.

रक्त तिथेच काढून घेतलं. मग डॉक्टर बाहेर व्हरांड्यात येऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. ब्रेनाला वाटलं, काहीतरी विसरल्या. पण त्या ठरवत होत्या. आत्ताच हॉस्पिटलात पाठवावं की गोळी देऊन घरी? रक्तातला प्राणवायू ठीक होता, छातीत दुखत नव्हतं, रक्तदाब बरा होता. घरी मात्र माणूस एकटा.

"नक्की कळतं का तुम्हाला अशा वेळी?" ब्रेनाने विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "नक्की कळलं असतं तर माझी गरज कशाला होती?" आणि त्या आत गेल्या. अंगातलं पाणी काढायची गोळी दिली, रोज सकाळी वजन करायला सांगितलं, काय झालं की घाबरायचं आणि कुठे फोन करायचा ते दोनदा सांगून त्यांच्याकडून परत म्हणवून घेतलं. मुलाला आज सोबतीला बोलवा, म्हणाल्या. रात्री निजायच्या आधी डॉक्टरांनी घरून फोन करून चौकशी केली, हे ब्रेनाला दुसऱ्या दिवशी नोंदीतून कळलं.

तपासणीला मंजुरी मिळाली. हॉर्वाथ यांचं हृदय कमी जोराने पंप करत होतं. औषधं सुरू झाली, हृदयाच्या तज्ज्ञांची वेळ मिळाली. तो आठवडा वाया गेल्याने त्यांचं किती बिघडलं, कदाचित काहीच नाही, हे कोणी सांगू शकलं नसतं. ब्रेनाला ते न कळणंच सगळ्यात जास्त टोचलं.

निवेदनाचे कागद डॉक्टरांनी शुक्रवारी परत दिले.

"छान लिहितेस," त्या म्हणाल्या, आणि ते कौतुक नव्हतं. "तो रडला, तू रडलीस. त्याची शेजारीणही रडली असती. या अख्ख्या दीड पानात मी खोलीत आहे ना? मी काय करतेय, सांग बरं."

ब्रेनाने पानं उलटून पाहिली.

"मी त्याचे मोजे काढतेय," डॉक्टर म्हणाल्या. "तेवढंच हवं होतं."

ब्रेना घरी गेली आणि तिने ते पान पुसून टाकलं. नवं लिहिणं काही सरसर झालं नाही. चार दिवस ती घरभर फिरत होती, फ्रिज उघडून बंद करत होती, आई विचारायचीही थांबली होती. तिला भीती वाटत होती आणि ही भीती नकाराची नव्हती. आजवर तिला वाटायचं, मन चांगलं असलं की झालं. आता कळलं होतं, मन चांगलं असताना, डोळे भरलेले असताना, हात चुकीचं लिहून जातो, आणि उद्या त्याखाली सही आपली असेल. हे माहीत असूनही हवं आहे का? ती स्वतःला विचारत राहिली आणि उत्तर दर वेळी 'हो' असंच आलं, पण पूर्वीसारखं उड्या मारत नाही, थोडं मागे वळून बघत.

मग तिने लिहिलं. न आलेला रिपोर्ट, वाजत राहणारं संगीत, मऊ केलेली चौथी ओळ, व्हरांड्यात ठरवत उभी राहिलेली डॉक्टर. आणि स्वतःची चूक, सजवल्याशिवाय. डब्यातला दुसरा वाटा त्यात कुठेच नव्हता, तो हॉर्वाथांचा होता. चूक ठेवू का, असं तिने डॉक्टरांना विचारलं. चूक वाचून कॉलेजवाले बिचकतील. डॉक्टर म्हणाल्या, बिचकतील, काही जण. तिने ठेवली आणि अर्ज पाठवून दिला. अर्ज मागच्या रांगेत गेला तो गेलाच.

जुलैत हॉर्वाथ परत आले. चेहरा उतरलेला नव्हता, बूट सैल झाले होते. तपासणीच्या टेबलावर बसल्या बसल्या ते पुन्हा इलोनावर आले. तिचे कपडे आता देऊन टाकावेत असं मुलगा म्हणतो, पण एक हिरवा कोट आहे. डॉक्टर मोजे उतरवत होत्या आणि त्यांच्याकडे पाहत हळू आवाजात काही म्हणाल्या.

"एक पाय की दोन्ही?" ब्रेनाने विचारलं. "मला नीट ऐकू आलं नाही."

"दोन्ही. सूज नाही. दाबून पाहिलं."

ब्रेनाने लिहिलं. छाती, ठोके, वजन, गोळीची मात्रा, रक्त कधी द्यायचं. हिरव्या कोटाचं हॉर्वाथ सांगत राहिले, आणि तिने पडद्यावरून नजर काढली नाही, एकदाही नाही. एखादा शब्द सुटेल अशी धास्ती होती. थोड्या वेळाने ते बोलता बोलता थांबले आणि डॉक्टरांकडे वाकून, जरा दुखावल्या आवाजात म्हणाले, "ही पोरगी आज ऐकत नाहीये."

ब्रेनाचे हात थांबले.

"ऐकतेय," डॉक्टर ओस्ट्रँडर म्हणाल्या. त्यांचा अंगठा अजून हॉर्वाथ यांच्या घोट्यावर होता आणि डोळे त्यांच्या चेहऱ्यावर. "कोटाचं काय म्हणत होतात तुम्ही?"

हॉर्वाथ पुन्हा बोलायला लागले. ब्रेना त्या अंगठ्याकडे आणि त्या डोळ्यांकडे आळीपाळीने पाहत राहिली. मग तिने शेवटची ओळ पुरी केली, ती एकदा वाचून पाहिली, आणि मान वर करून विचारलं की कोट कोणत्या हिरव्या रंगाचा आहे.